आजींचं लाईट बिल: भरायचं, पण कोणतं?

*काका, आमचं गाव खानापूर तालुक्यात. घरात आजी, आई-बाबा आणि मी. कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना सुरू झाल्यापासून लाईट बिल एक तर शून्य येतं, नाहीतर पन्नास-शंभर. आमची मोफत युनिटांची पात्रता महिन्याला 132 आहे. या मे महिन्यात एकदम 1,633 रुपये आले. आजी म्हणते, "माझं घर काय लगीनघर हाय व्हय? नात येऊन माझ्याबरोबर बिल वाचंपतोर एक पैसा देणार न्हाई." मी बेळगावला हॉस्टेलवर असते, सुट्टी घेऊन घरी आले. आजीला कन्नड वाचता येत नाही, मला येतं, म्हणून दोघी बिल घेऊन बसलो. मागचं रीडिंग 4,370 (3 एप्रिल), आताचं 4,571 (3 मे), वापर 201. मग आजीनं मला मीटरपाशी नेलं. तिथं आज, 9 मे ला, 4,546 दिसतंय! फोटो काढून ठेवलाय. रीडिंग घेणारा फोनवर म्हणाला, "पुढच्या बिलात आपोआप वळतं होईल, आता भरून टाका." बाबाही तेच म्हणतात. मुदत 18 मे. आजी बरोबर की बाबा? काय करू?*
*— एक नात*

आजी बरोबर आहेत, पण 18 तारखेपर्यंतच. तोवर बिल दुरुस्त झालं नाही, तर बाबांचं ऐकून पैसे भरावे लागतील, आणि तेही हरकत लेखी नोंदवून. "आपोआप वळतं होईल" हे मात्र तुमच्या बाबतीत होणार नाही. का ते पुढे सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे.

आधी आजींनी तुला मीटरपाशी का नेलं ते बघ. घरगुती मीटरचा आकडा पुढे जातो, मागे येत नाही. 3 मे ला तो खरंच 4,571 वर असता, तर 9 मे ला त्याच्यापुढेच काहीतरी दिसलं असतं. तुला दिसला 4,546. म्हणजे बिलावरचा आकडा त्या दिवशी मीटरवर असूच शकत नाही. यापेक्षा मोठा पुरावा लागत नाही, आणि तो मिळवायला इंजिनिअर लागत नाही. आजींना बिलाची भाषा वाचता आली नसेल, पण कुठल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आता खरा आकडा किती असावा तो काढू. 3 एप्रिलला 4,370 होता आणि 9 मे ला 4,546. मधले दिवस 36, वापर 176 युनिट. म्हणजे तुमच्या घराला दिवसाला साधारण 4.9 युनिट लागतात. फ्रिज, पंखे, टीव्ही, मिक्सर आणि कधीमधी पाण्याची मोटार धरली, तर मे महिन्यात एवढं लागणं अगदी रास्त आहे. याच चालीनं 30 दिवसांचे होतात 147. ते 4,370 मध्ये मिळव: 4,517.

4,517 आणि 4,571. शेवटचे दोन अंक एकमेकांच्या जागी बसलेत. आपल्याकडे रीडिंग घेणारा दारात उभा राहून मीटर बघतो, हातातल्या छोट्या मशीनवर आकडा टाइप करतो आणि तिथल्या तिथं बिल छापून देतो. दिवसभर उन्हात घरोघरी फिरणाऱ्या माणसाकडून एखाद्या आकड्यात अंकांची अदलाबदल होते. त्याच्यावर चिडायचं कारण नाही, पण त्याची चूक आजींनी भरायचंही कारण नाही.

फरक फक्त 54 युनिटांचा आहे. मग बिल पन्नास-शंभरावरून सोळाशेवर कसं गेलं? हे कळायला गृहज्योतीची रचना नीट बघावी लागते, कारण पुष्कळ लोक "200 युनिट फुकट" एवढंच धरून बसलेत. योजना जुलै 2023 च्या वापरापासून लागू झाली, तेव्हाच नियम ठरला की प्रत्येक घराला स्वतःचा ठरलेला हिस्सा मिळेल. 2022-23 या वर्षात त्या घराचा महिन्याचा सरासरी वापर जेवढा होता, त्यावर 10 टक्के वाढ धरायची. तुमची सरासरी 120 असणार, म्हणून पात्रता 132. (अगदी कमी वापराच्या घरांसाठी 10 टक्क्यांऐवजी 10 युनिट वाढवून देण्याचा बदल 2024 च्या सुरुवातीला झाला, तुम्हाला त्याचा संबंध नाही.) 132 च्या आत राहिलात तर बिल शून्य. 132 च्या वर पण 200 च्या आत असाल, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. तुमचं अधूनमधून येणारं पन्नास-शंभराचं बिल हेच. आणि 200 ओलांडलं, मग ते एका युनिटानं का असेना, त्या महिन्यापुरती सवलत पूर्ण जाते. पहिल्या युनिटापासून सगळे पैसे, शिवाय स्थिर आकारही.

तुमच्या बिलावर 201 आहेत. एका युनिटासाठी 132 युनिटांची सवलत गेली.

तुझं बिल मी या दरांनी मांडून बघितलं. 2025-26 साठी घरगुती दर युनिटला 5 रुपये 80 पैसे होता, म्हणून 201 युनिटांचे 1,165.80. स्थिर आकार किलोवॅटमागे 145 रुपये. तुमचा मंजूर भार 2 किलोवॅटचा धरला तर 290. वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शनसाठी युनिटमागे 36 पैसे अधिभार होता, त्याचे 72.36. ऊर्जा आकारावर 9 टक्के वीज कर, 104.92. बेरीज 1,633.08. म्हणजे इंधन आकाराच्या ओळीत या महिन्याला काही नसावं. बेरीज बिनचूक आहे, मशीननं काहीच चुकवलेलं नाही. त्याला दिलेला आकडाच चुकीचा. बेरीज तपासून "बिल बरोबर आहे" म्हणणारे इथंच फसतात.

खरं बिल किती व्हायला हवं होतं? वापर 147, पात्रता 132, वरची युनिटं 15. त्यांचा ऊर्जा आकार 87 रुपये आणि त्यावरचे कर-अधिभार. आजींनी आजवर भरली तसलीच रक्कम.

आता त्या "आपोआप वळतं होईल"कडे येऊ. योजना नसती तर रीडिंग घेणाऱ्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. या महिन्यात 54 युनिटं जास्त लागली, तर पुढच्या बिलात मागचं रीडिंग 4,571 धरलं जाईल आणि 54 कमी लागतील. एकाच दरात पैसे इकडचे तिकडे होऊन हिशेब बसतो. पण तुमच्याकडे 200 ची कडा आहे. जूनमध्ये मीटर समजा 4,664 वर आला. वापर दिसेल 93, बिल शून्य. नीट मोजलं असतं तर जूनमध्येही तुम्हाला 15 युनिटांचेच पैसे द्यावे लागले असते, म्हणजे तो फायदा शंभरेक रुपयांचा. मे मध्ये गेलेले 1,633 काही परत येत नाहीत. युनिटं वळती होतात, गेलेली सवलत वळती होत नाही. कार्यालयात कुणी हेच वाक्य पुन्हा ऐकवलं, तर दोन्ही महिन्यांचे आकडे कागदावर मांडून समोर ठेव.

याच कारणानं मी पैसे आधी भरायला सांगत नाही. भरलेली जादा रक्कम पुढच्या बिलांत जमा दाखवतात. ज्यांचं बिल दर महिन्याला हजारभर येतं, त्यांचे पैसे दोन महिन्यांत फिटतात. तुमच्या पन्नास-शंभराच्या बिलात पंधराशे रुपये फिटायला निदान सव्वा वर्ष तरी जाईल. म्हणून मागणी पैसे परत करण्याची किंवा वळते करण्याची नको, रीडिंग दुरुस्त करून सुधारित बिल देण्याची कर.

फोटो काढलास ते फार बरं केलंस, कारण हा पुरावा टिकणारा नाही. 4,546 पासून 4,571 पर्यंत 25 युनिटं, म्हणजे दिवसाला 4.9 च्या हिशेबानं साधारण पाच दिवस. 14 मे नंतर मीटर 4,571 च्या पुढे गेलेला असेल आणि नुसतं बघून चूक दिसणारच नाही. बिल ताटकळत ठेवून पंधरवड्यानं भांडायला जाणाऱ्यांची गाडी इथंच अडते. फोटोत मीटरचा नंबर आणि आकडा एकत्र दिसतात ना, ते बघून घे. दिसत नसतील तर आजच पुन्हा काढ, तोही असा की आकड्याशेजारी kWh हे अक्षर वाचता येईल. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे आपोआप बदलत राहतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी, असं एकामागून एक. बटण दाबलं की पुढचा पडदा येतो. चुकीच्या पडद्यावरचा आकडा घेऊन तक्रारीला गेलं तर पहिल्याच प्रश्नाला माघार घ्यावी लागते. दशांशाच्या टिंबानंतरचा अंकही धरायचा नाही. आणि फोटोतला मीटर नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते ताड. शेजाऱ्याच्या मीटरचं रीडिंग तुमच्या नावावर पडलं असेल, तर हा सगळा हिशेब वेगळा होतो.

आता अर्ज. वीज कंपनीच्या सब-डिव्हिजनच्या कार्यालयात बिलं दुरुस्त करणारा महसूल विभाग असतो, तिथं जायचं. फोनवरून 1912 वर तक्रार नोंदव आणि तिचा नंबर लिहून घे, पण त्यावर थांबू नकोस. कागद हातात द्यायचाच. अर्ज तू कन्नडमध्ये लिही, म्हणजे टेबलावर तो वाचायला कुणाला कारण उरणार नाही. आजींनी खाली मराठीत सही केली तरी चालते, सही सहीच असते. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते बिलावर बघ. आजोबांच्या नावावर असेल तर अर्जात "यांच्या नावावरील जोडणी, वापरकर्ती मी" असं आजींच्या बाजूनं लिही. मजकूर चार-पाच ओळींचाच: बिलावरचा आर. आर. नंबर म्हणजे जोडणीचा क्रमांक, 3 मे चं छापलेलं रीडिंग, 9 मे ला मीटरवर दिसलेलं रीडिंग, मधला हिशेब, आणि शेवटी "मीटरची प्रत्यक्ष तपासणी करून रीडिंग 4,517 धरून सुधारित बिल द्यावे." बिलाची झेरॉक्स आणि फोटोची छापील प्रत जोड. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घे. शिक्का न मारता "ठेवून जा" म्हणाले, तर आजींना बाकावर बसव आणि तू शांतपणे उभी राहा. आजी बसल्या की काम होतं, असा माझा तरी अनुभव आहे.

18 तारखेपर्यंत काहीच झालं नाही तर? बाबांना जी भीती आहे, की दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन करंट तोडेल, तसं कायद्यात नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे बिल थकलं तरी तोडण्याआधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात एक तरतूद आहे. बिलाबद्दल वाद असेल, तर ग्राहकानं हरकत राखून मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली, की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमची सहा महिन्यांची सरासरी शंभर रुपयेही भरणार नाही. कागदावर नियम तुमच्या बाजूचा आहे, पण शून्य बिलांच्या सरासरीवर काउंटरवरचा माणूस लगेच राजी होईल, यावर मी आजींच्या घरातला उजेड पणाला लावणार नाही. म्हणून 17 तारखेला पुन्हा जा, या कलमाचा उल्लेख करून सरासरीची रक्कम घ्यायला लेखी सांग. नाहीच घेतली, तर 1,633 भरा, आणि "हरकत राखून भरणा" असं लिहिलेला कागद पावतीला जोडून त्यावर पुन्हा शिक्का घ्या. न भरता बसलात तर थकबाकीवर व्याज लागत जाईल, आणि मग भांडण रीडिंगचं न राहता व्याजाचं होऊन बसेल. त्यातूनही दाद मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथं वकील लागत नाही, पण शिक्क्याच्या प्रती लागतात.

इतर वाचकांनी मात्र यावरून असं धरू नये, की मोठं आलेलं प्रत्येक बिल चुकीचंच. मीटरवरचा आजचा आकडा बिलावरच्या आकड्याच्या पुढे असेल, तर आधी आपला वापर मोजा. आज आणि परवा एकाच वेळेला मीटर बघा, फरकाला दोननं भागा, तीसनं गुणा. उत्तर बिलाच्या जवळपास आलं तर बिल खरं आहे आणि ते भरायचं. 200 ची कडा दिवसाला साडेसहा युनिटांच्या थोडी पुढे लागते. उन्हाळ्यात कूलर आला, विहिरीचं पाणी खाली गेल्यावर मोटार जास्त वेळ चालली, लग्नाला पाहुणे राहिले, की तेवढं सहज होतं. तुमच्या घरी एप्रिलपासून दिवसाला 4.9 चाललंय, त्यामुळे आजींचं लगीनघराचं म्हणणं आकड्यांनीही खरं ठरतंय.

सुधारित बिल हातात आलं की तेही दोघींनी बसून वाचा. "इंदिन मापन" म्हणजे आताच्या रीडिंगसमोर 4,517 असलं पाहिजे, वापर 147, आणि पैसे फक्त 15 युनिटांचे. हे जुळलं की आजींना पैसे काढायला सांग. आणि जूनचं बिल येईल त्यात "हिंदिन मापन" म्हणजे मागच्या रीडिंगच्या ओळीतही 4,517 च छापलंय का, ते सोडू नकोस. पैसे दुरुस्त केले आणि रीडिंग तसंच 4,571 राहिलं, तर पुढचा हिशेब पुन्हा वाकडा सुरू होतो, आणि तो निस्तरायला तुला हॉस्टेलवरून परत यावं लागेल.